ब्रिन्ये ते बूर्ज: थकलेल्या पगाराच्या मागावर सात दिवस

मी कोषागारात पगारबिलं तपासण्यात सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे कुठलीही लढाई वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो पगाराचा. या लोकांना पैसे कोण देत होतं, आणि लढाई संपल्यावर ते बंद झाले की चालू राहिले? भाची लियाँला शिकते. तिने "मावशी, एप्रिलमध्ये ये, हवा चांगली असते" असं म्हटलं, तेव्हा मी तिला उलट विचारलं, "सहा एप्रिलला तुला सुट्टी आहे का?" त्या तारखेला १३६२ साली लियाँच्या दक्षिणेला, ब्रिन्ये नावाच्या गावाजवळ फ्रान्सच्या राजाच्या फौजेचा पराभव झाला होता. हरवणारे कुठल्याही राजाचे नव्हते. ते होते नोकरी गेलेले सैनिक.

पहिला दिवस: लियाँ

विमानतळावरून थेट भाचीच्या खोलीवर गेले, अंघोळ केली आणि दुपारी जुन्या लियाँमध्ये फिरायला निघालो. सोन नदीच्या काठची ही वस्ती म्हणजे अरुंद गल्ल्या आणि घरांच्या पोटातून आरपार जाणारे बोळ. एका दारातून आत शिरायचं, अंगण ओलांडायचं आणि थेट पलीकडच्या रस्त्यावर निघायचं. आम्ही तीन बोळ शोधले, चौथ्याचं दार बंद होतं.

संध्याकाळी तिथल्या पद्धतीच्या छोट्या खानावळीत गेलो. मी शाकाहारी, आणि इथल्या पाट्यांवर बहुतेक सगळं डुकराचं किंवा आतड्यांचं. शेवटी मऊ ताजं चीज, त्यात कांद्याची पात, लसूण आणि औषधी पाला घालून केलेला एक पदार्थ मिळाला, पावाबरोबर. आपल्या चक्क्यात लसूण घातल्यासारखी चव. त्यावर गुलाबी साखरबदामाचा गोड टार्ट. त्या रंगाला घाबरू नका, चव फार छान आहे.

जेवताना भाचीने विचारलं, "पण सरदार लोक राजासाठी फुकट लढायचे ना? मग पगाराचा प्रश्न आला कुठून?"

तिला सांगितलं ते इथेही सांगते, कारण पुढचा सगळा प्रवास त्यावर आहे. जुनी रीत अशी होती: राजाने जहागीर द्यायची आणि जहागीरदाराने वर्षातून ठरावीक दिवस, बहुतेक ठिकाणी चाळीस, स्वतःच्या घोड्यावर, स्वतःच्या चिलखतात, स्वतःची माणसं घेऊन हजर व्हायचं. आपल्याकडचा सरंजामदार ठरलेले स्वार ठेवायचा, तसंच. पण चाळीस दिवसांत किल्ला पडत नाही. एकेचाळिसाव्या दिवशी राजाला पदरचे पैसे मोजावे लागायचे, नाहीतर फौज घरी निघायची. त्यामुळे बाराव्या-तेराव्या शतकापासूनच राजे मुदतीनंतरची रोजंदारी देऊ लागले. पुढे तर "येऊ नका, त्याऐवजी पैसे द्या" असंही झालं. त्या पैशात राजा हव्या त्या माणसांना हवे तितके दिवस ठेवू शकत होता. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सवर स्वाऱ्या केल्या त्या बऱ्याचशा अशाच पगारी फौजेने: सरदाराशी लेखी करार, अमुक माणसं, अमुक दिवस, साध्या नाइटला रोज दोन शिलिंग, घोडेस्वार तिरंदाजाला सहा पेन्स.

म्हणजे पगार सुरू झाला होता. बंद कधी होणार, याचा मात्र कुणी विचार केला नव्हता.

दुसरा दिवस: ब्रिन्ये

सकाळी सँ-पॉल स्थानकातून ट्राम-ट्रेनने निघालो. ब्रिन्ये हे त्या फाट्याचं शेवटचंच स्थानक, त्यामुळे चुकायची भीती नाही. आकाश स्वच्छ, झाडांना नुकती पालवी फुटलेली आणि वारा इतका गार की मी शाल काढलीच नाही.

खरं सांगायचं तर ब्रिन्येला पाहण्यासारखं फार काही नाही. गारों नावाची छोटी नदी आहे, तिच्यावर जुना दगडी पूल आहे, मधली जुनी वस्ती आहे आणि भोवती लियाँची उपनगरं पसरत आली आहेत. लढाईचा फलक मला तरी कुठे दिसला नाही. आम्ही पुलावर बसलो आणि मी पिशवीतून टिपणवही काढली.

१३५६ साली प्वातियेच्या लढाईत फ्रान्सचा राजा जाँ इंग्रजांच्या हाती सापडला. १३६० च्या मे महिन्यात ब्रेतिन्यीचा तह झाला, राजाच्या सुटकेची खंडणी ठरली तीस लाख सोन्याचे एकू. तह झाला म्हणजे दोन्हीकडच्या फौजांना रजा. कागदावर ती चांगली बातमी, पण ज्यांना रजा मिळाली ते लोक कोण होते? गॅस्कनीतले धाकटे मुलगे, ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही. इंग्रज तिरंदाज, जर्मन स्वार, ब्रिटनीचे लोक. कित्येक जण दहा-पंधरा वर्षं हेच काम करत होते. त्यांच्याकडे घोडा होता, चिलखत होतं, आपला कप्तान होता आणि परत जायला जागा नव्हती. कप्तानाने टोळी मोडली नाही, एवढंच. गावागावांकडून खंडणी घ्यायची, दिली नाही तर जाळायचं. या टोळ्यांना लोक 'उशिरा आलेले' म्हणत, कारण आधीच्या लुटारूंनी धुऊन नेलेल्या मुलखात हे नंतर पोचले.

टोळी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गबाळे दरोडेखोर येतात. तसं नव्हतं. शिस्त तीच, हुद्दे तेच, लूट वाटून घेण्याचे नियम तेच, जे राजाच्या पगारावर असताना होते. फरक फक्त पैसे कुठून येतात याचा.

१३६२ च्या वसंतात या टोळ्यांनी ब्रिन्येचा किल्ला धरला. राजाने त्यांच्यावर मार्शचा काउंट झाक द बूर्बाँ याला पाठवलं. बरोबर फोरेझचा काउंट, तांकार्व्हिलचा काउंट आणि त्या भागातले कितीतरी जहागीरदार आपापली निशाणं घेऊन आले. या सरकारी फौजेत आर्नो द सेर्व्होल नावाचा माणूसही होता. लोक त्याला 'आर्चप्रीस्ट' म्हणत, आणि तो स्वतःच काही वर्षांपूर्वी अशाच टोळीचा म्होरक्या होता. म्हणजे सरकारलाही या लोकांशी लढायला यांच्यातलाच माणूस लागला.

सहा एप्रिलला टोळ्यांनी हल्ला केला. एका बखरकाराने लिहिलंय की त्यांनी टेकडीवर आपली खरी संख्या लपवून ठेवली होती, गाडाभर दगड जमवले होते, आणि चढण चढून येणाऱ्या नाइटांवर त्यांचा वर्षाव केला. आजच्या अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना हे पटत नाही. त्यांच्या मते वेढा घालून बसलेल्या छावणीवर अचानक झडप पडली. निकालाबद्दल मात्र वाद नाही. फोरेझचा काउंट मारला गेला, तांकार्व्हिल आणि तो आर्चप्रीस्ट दोघेही कैद झाले, आणि झाक द बूर्बाँ व त्याचा मुलगा दोघेही जखमांनी गेले.

मी टेकड्यांकडे बघत बराच वेळ बसले. बोलावणं आलं म्हणून महिनाभरासाठी आलेला जहागीरदार एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांचं रोजचं आयुष्यच हे, असे लोक. चिलखतं सारखी, घोडे सारखे, कदाचित काकापुतणेही समोरासमोर. फरक सरावाचा होता.

परतताना शापोनोस्तला रोमन जलवाहिनीच्या कमानी बघितल्या. मोकळ्या मैदानात एका रांगेत उभ्या आहेत आणि तिकीट नाही. ब्रिन्येला जाणार असाल तर दोन्ही एकाच दिवसात जोडा. एक लक्षात ठेवा: लहान गावात दुपारी बारा ते दोन जेवण मिळतं, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. आम्ही अडीचला पोचलो आणि बेकरीतल्या पावावर दिवस काढला.

तिसरा दिवस: आविन्यों

रेल्वेने रोन नदीच्या कडेकडेने दक्षिणेला. डबा उघडला आणि वाऱ्याने मला अक्षरशः मागे ढकललं. इथे त्याला मिस्त्राल म्हणतात. उत्तरेकडून नदीच्या खोऱ्यातून येतो, आकाश निळंशार ठेवतो आणि तीन-तीन दिवस थांबत नाही. एप्रिलमध्ये येणाऱ्यांनी टोपी आणू नये, रुमाल आणावा, कानावर घट्ट बांधायला. पुण्याच्या हिशेबाने स्वेटर पुरेल असं वाटतं, पण पुरत नाही.

त्या काळी पोप रोमला नसून इथे राहत होते, आणि इथे ख्रिस्ती जगातला सगळ्यात मोठा रोख पैसा जमत होता. टोळ्यांना हे ठाऊक होतं. शहराभोवतीचा तट जवळपास सव्वाचार किलोमीटरचा आहे आणि आजही सलग उभा आहे. सहाव्या इनोसंट पोपने तो १३५५ नंतर बांधायला घेतला, तो या टोळ्यांच्या भीतीने, आणि पुरा व्हायला १३७० उजाडलं. एकोणिसाव्या शतकात त्याची डागडुजी झाली, त्यामुळे बुरूज जरा जास्तच नीटनेटके वाटतात. आम्ही बाहेरून पूर्ण फेरी मारली. चालायला दीड तास लागला, त्यातला अर्धा तास वाऱ्याच्या विरुद्ध.

पोपच्या राजवाड्याला अडीच तास ठेवा, कमी नको. मला सगळ्यात जास्त भावली ती खजिन्याची खालची खोली. तिथल्या फरशीखाली दगडी पोकळ्या आहेत, त्यात पैसे आणि कागद ठेवायचे. सव्वीस वर्षं कोषागारात काम केलेल्या बाईला ती खोली बघून घरी आल्यासारखं वाटलं.

रात्री एका लहानशा हॉटेलात वांग्याचा एक पदार्थ खाल्ला, पोपच्या टोपीवरून नाव पडलेला. भाजलेलं वांगं घोटून, अंडं घालून, साच्यात शिजवतात आणि वर टोमॅटोचा रस. भरीत आवडणाऱ्याने नक्की खावा. वाढणाऱ्या बाई स्वतः येऊन विचारून गेल्या की वांगं आमच्याकडे मिळतं का. मी मोबाईलवर त्यांना आमच्या बाजारातल्या वांग्यांचा ढीग दाखवला. त्या स्वयंपाक्याला बोलावून घेऊन आल्या.

चौथा दिवस: पाँ-सँ-एस्प्री

हे गाव आविन्योंच्या उत्तरेला आहे. नदीच्या उजव्या काठाची प्रवासी गाडी बरीच वर्षं बंद होती, ती २०२२ साली पुन्हा सुरू झाली. गाड्या थोड्याच आहेत, त्यामुळे परतीची वेळ जायच्या आधी पाहून ठेवा. आम्ही ती पाहिली नव्हती आणि संध्याकाळी दोन तास फलाटावर बसलो.

पूल मात्र बघण्यासारखा. १२६५ साली बांधायला घेतला, १३०९ ला संपला, नऊशे मीटरांहून लांब, दगडी कमानींची रांग. नदी खूप रुंद आणि पाणी वेगात. शहराकडच्या टोकाला मात्र कमानींची लय मोडते. काठावर एक वयस्कर गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, भाचीने त्यांना त्याबद्दल विचारलं. मालवाहू बोटींवर आयुष्य घालवलेले. म्हणाले, आगबोटी जाव्यात म्हणून तिथल्या जुन्या कमानी पाडून एक रुंद कमान केली. मग हाताने नदीच्या वरच्या आणि खालच्या दिशा दाखवून म्हणाले, "मीठ इकडून वर जायचं, दारू आणि धान्य तिकडून खाली. ज्याच्या हातात पूल, त्याच्या हातात दोन्ही."

१३६० च्या डिसेंबरात, सत्तावीस-अठ्ठावीसच्या रात्री, टोळ्यांनी हेच गाव शिड्या लावून घेतलं. राजाच्या खंडणीसाठी दक्षिणेत गोळा केलेले पैसे या वाटेने जाणार आहेत अशी त्यांना खबर होती, असं सांगतात. पैसा हाती लागला नाही, पण पूल लागला, आणि पोपची कोंडी झाली. पोपने त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. जे लढायला आले, त्यांना पुण्य मिळणार होतं, पगार नव्हता. त्यातले काही कंटाळून टोळ्यांनाच जाऊन मिळाले. शेवटी पोपने पैसे देऊन त्यांची सोय लावली. इटलीत मोंफेराच्या मार्क्विसला मिलानशी लढायला माणसं हवी होती, त्याच्याकडे बरीचशी टोळी रवाना झाली. त्यात जॉन हॉकवूड नावाचा इंग्रज होता, जो पुढे तीस वर्षं इटलीतल्या शहरांना आपली तलवार भाड्याने देत राहिला आणि फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये ज्याचं चित्र आजही भिंतीवर आहे.

पण सगळे गेले नाहीत. जे मागे राहिले आणि जे परत आले, त्यांच्यातूनच ब्रिन्ये घडलं.

पुलाच्या कठड्याला टेकून भाची म्हणाली, "मग राजाने सरळ यांनाच कायमचं नोकरीवर का नाही ठेवलं?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं की राजाकडे दरमहा येणारं उत्पन्न नव्हतं. त्याची स्वतःची जमीन होती, जकात होती, आणि युद्ध आलं की प्रजेकडे हात पसरून तात्पुरता कर मागायचा. युद्ध संपलं की कर बंद. करच तात्पुरता असेल तर सैनिक कायमचा कसा ठेवणार? गंमत म्हणजे याच पुलावर टोळ्या आल्या त्याच महिन्यात, खंडणी भरण्यासाठी, राजाने मालाच्या विक्रीवर विसावा हिस्सा आणि शिवाय दारू व मिठावर कर बसवले. खंडणीला वर्षानुवर्षं लागणार होती, म्हणून करही वर्षानुवर्षं चालले. तीन वर्षांनी, १३६३ च्या अखेरीस, आमियांला जमलेल्या सभेने दर चुलीमागे कर मान्य केला, तो सहा हजार स्वार पोसून टोळ्यांचा बंदोबस्त करायला. युद्ध नसताना सैन्यासाठी कर, ही कल्पना लोकांनी मान्य केली ती टोळ्यांच्या जाचाने.

तरी ती टिकली नाही. मध्ये वेडा राजा झाला, सरदारांचे आपसांत खून पडले, अजँकूरच्या लढाईत इंग्रजांनी पुन्हा धुव्वा उडवला, आणि १४३५ नंतर पुन्हा तसल्याच टोळ्या फिरू लागल्या. या वेळी लोकांनी त्यांना नाव दिलं 'कातडी सोलणारे'.

पाचवा आणि सहावा दिवस: बूर्ज

पाचवा दिवस रेल्वेत गेला, लियाँमार्गे. बूर्जला पोचलो तेव्हा पाऊस होता, बारीक, आपल्या श्रावणासारखा, आणि मिस्त्रालनंतर तो फार सुखाचा वाटला. रात्री बटाट्याची पोळीसारखी गॅलेत आणि हिरव्या मसुरीचं सार मिळालं. त्या भागातली मसूर प्रसिद्ध आहे, शिजली तरी फुटत नाही.

सकाळी झाक करचा वाडा. १४४३ ते १४५१ मध्ये बांधलेला. झाक कर हा व्यापारी, फ्रान्सचा राजा सातवा शार्ल याचा खजिनदार. आडनावाचा अर्थ हृदय, म्हणून दगडी जाळ्यांत, खिडक्यांत, दारांवर हृदयं आणि शिंपले कोरलेत. दर्शनी भिंतीवर दोन खोट्या खिडक्या आहेत, त्यातून दगडाचे नोकर वाकून रस्त्यावर बघताहेत, मालक आले का म्हणून. मी त्यांच्याकडे बघत पावसात उभी राहिले.

या वाड्यात मला यायचं होतं ते १४४५ साठी. आधीची वर्षंही महत्त्वाची आहेत. १४३९ साली ऑर्लेआँच्या हुकुमाने राजाने ठरवलं की कप्तान नेमायचा आणि सैन्य उभारायचा हक्क फक्त राजाचा, आणि त्यासाठीचा कर, ज्याला ताय म्हणत, तोही फक्त राजाने घ्यायचा. बड्या सरदारांनी पुढच्या वर्षी बंड केलं, ते मोडलं. १४४४ साली इंग्रजांशी तूर येथे युद्धतहकुबी झाली. म्हणजे १३६० चाच प्रसंग पुन्हा समोर: शांतता आली, आता या हजारो लोकांचं काय करायचं? राजाने आधी युवराजाबरोबर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना स्वित्झर्लंडच्या वाटेला पाठवलं, मुलखाबाहेर. आणि परतल्यावर, १४४५ च्या मे महिन्यात, निवड केली.

ही निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. पंधरा कप्तान निवडले. प्रत्येकाकडे शंभर 'भाले'. एक भाला म्हणजे सहा माणसं: एक चिलखती स्वार, एक सुरीवाला, एक पोऱ्या, दोन तिरंदाज आणि त्यांचा एक नोकर, सगळे घोड्यावर. एकूण पंधराशे भाले, नऊ हजार माणसं. उरलेल्यांना आधीच्या गुन्ह्यांची माफीपत्रं देऊन, छोट्या छोट्या गटांत, बरोबर पहारा देऊन आपापल्या प्रांतात पोचवलं. गट मोठा राहू द्यायचा नाही, हे त्यांना कळलं होतं. ठेवलेल्यांनाही एका जागी न ठेवता वेगवेगळ्या गावांत थोडे थोडे विखुरलं. आणि ज्या प्रांतात ते राहणार, त्या प्रांताकडून त्यांचा खर्च, आधी धान्य-मांसाच्या रूपात आणि लवकरच रोख.

आता माझं खातं. एका भाल्याला महिन्याला एकतीस लिव्र: चिलखती स्वार आणि त्याच्या दोन माणसांना पंधरा, दोन तिरंदाज आणि त्यांच्या नोकराला मिळून पंधरा, कप्तानाच्या कचेरीला एक. पंधराशे भाल्यांचे वर्षाला पाच लाख अठ्ठावन्न हजार. हे गणित मी वाड्याच्या अंगणात, छत्री मानेत धरून, वहीवर केलं. आणि मग मागच्या पानावर नजर गेली. १३५१ साली, म्हणजे ब्रिन्येच्या अकरा वर्षं आधी, राजा जाँने पगाराचे दर ठरवले होते. चिलखती एस्क्वायरला, म्हणजे नाइटच्या खालच्या हुद्द्याच्या स्वाराला, रोज दहा सू. वीस सूंचा एक लिव्र. तीस दिवसांचे तीनशे सू, म्हणजे पंधरा लिव्र.

आकडा तोच! मधल्या चौऱ्याण्णव वर्षांत नाण्यातली चांदी बदलली, ते मान्य. पण कागदावर पंधराच. सैनिकाला पैसे देणं नवीन नव्हतं. १४४५ ला नवीन झालं ते हे की युद्ध नसलेल्या महिन्यातही ते पंधरा लिव्र आले.

त्याबरोबर हजेरीही आली. १३५१ च्या हुकुमातही हजेरी होतीच, महिन्यातून दोनदा, न कळवता. घोड्याचा रंग आणि किंमत लिहून ठेवायची, कारण घोडा मेला तर भरपाई द्यावी लागायची आणि लोक चांगला घोडा दाखवून मरतुकड्याची भरपाई मागायचे. आपल्याकडे घोड्याला डाग आणि स्वाराची चेहरेपट्टी होती, ती याच फसवणुकीसाठी. पण पगारच अनियमित असेल तर हजेरी कोण पाळणार? दरमहा पैसे येऊ लागले तेव्हा बख्शी गैरहजर माणसाचे पैसे कापू शकला. त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय की काही महिन्यांत रस्ते पूर्वी कधी नव्हते इतके निर्धास्त झाले. चार वर्षांनी याच फौजेने नॉर्मंडी परत घेतली, आणि त्या मोहिमेला मोठं कर्ज दिलं ते या वाड्याच्या मालकाने. १४५१ ला राजाने त्यालाच अटक केली. पाच वर्षांनी तो किऑस बेटावर वारला. या घरात तो फारसा राहिलाच नाही.

वाडा दाखवणाऱ्या मुलीला भाचीने विचारलं की मग जुने नाइट कुठे गेले. ती हसून म्हणाली, "कुठेच नाही, ते नोकरीला लागले." खरंय. चिलखती स्वारांत बहुतेक तेच जहागीरदारांचे मुलगे होते. बदललं ते एवढंच की आता त्यांना घरी जायची मुभा राजा देणार होता. आणि किंमत मोजली ती शेतकऱ्याने: ताय कर सरदारांना माफ होता, शेतकऱ्याला नव्हता, आणि एकदा कायमचा झाल्यावर तो वाढवायला राजाला कुणाला विचारावं लागत नव्हतं. रस्ता निर्धास्त झाला हे शेतकऱ्याला हवंच होतं, पण त्याचं बिल पुढची साडेतीनशे वर्षं त्याच्या नावावर निघत राहिलं, हे मला विसरता येत नाही.

बूर्जला जाणार असाल तर वाड्यानंतर कॅथीड्रल बघाच, रंगीत काचा दुपारी उत्तम दिसतात. आणि नदीकाठच्या पाणथळ जागेतल्या छोट्या भाजीच्या बागांमधून एक फेरी मारा. आम्हाला तिथे एका आजींनी मुळ्याची जुडी दिली, पैसे घेईनात.

सातवा दिवस: शांबेरी

हा दिवस माझ्या हट्टाचा. लियाँहून रेल्वेने दीड तासाच्या आतबाहेर, आल्प्सच्या पायथ्याशी. डोंगरमाथ्यांवर अजून बर्फ होतं. स्थानकातून दहा-एक मिनिटं चालत गेलं की चौकात चार हत्ती, एकमेकांना पाठ लावून, फक्त पुढचे अर्धे. सोंडेतून पाणी पडतं. मध्ये उंच खांब आणि वर एक माणूस. गावकरी या हत्तींना 'बिनढुंगणाचे चौघे' म्हणतात.

वरचा माणूस म्हणजे बन्वा द बॉइन्य, आपल्या इतिहासातला डी बॉइन. जन्म इथलाच, १७५१ चा. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी त्याला दोन पलटणी उभ्या करायला ठेवलं, पुढे त्याचा अख्खा कंपू झाला. मी वानवडीच्या शिंदे छत्रीपासून वीस मिनिटांवर राहते, लहानपणापासून तिथे जाते. त्यामुळे इथे उभं राहताना घसा दाटून आला.

महादजींपुढेही हाच पेच होता. सरंजामी सरदार आपली घोडी घेऊन येत, पावसाळ्यात परत जात, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. नवी कवायती पायदळ पलटण घरी जाऊन चालत नव्हतं, तिला बारमाही पगार हवा. लालसोटच्या लढाईत, १७८७ मध्ये, बादशाही पलटणी तोफांसकट ऐन वेळी शत्रूला मिळाल्या, त्यांचा पगार थकला होता. महादजी त्यातून शिकले. डी बॉइनच्या कंपूसाठी दुआबातला मुलूख तोडून दिला, त्याचा वसूल थेट पलटणींच्या पगाराला. राजपुतान्यातल्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया, दोन्ही १७९० मध्ये, याच कंपूने मारल्या.

भाचीने खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "मावशी, म्हणजे शाळेत आम्ही 'त्यांचा कंपू वेगळा' म्हणायचो तो हा?"

"हाच," मी म्हटलं.

मग आम्ही चौकाच्या कोपऱ्यावर बसून चौकोनी बारीक शेवयांसारखे क्रोझे खाल्ले, वर वितळलेलं चीज. गरम होते, आणि डोंगरावरून वारा यायला लागला होता. पाच चाळीसच्या गाडीची वेळ मी या वेळी आधी बघून ठेवली होती.